खोक्याची मागची बाजू

अर्धापूरच्या मेडिकलवर पायांचे केस काढायचे क्रीम मागितले, की बऱ्याचदा एकच प्रश्न येतो : ‘साधं देऊ की सेन्सिटिव्ह?’ चारचौघांत खोके उलटून वाचायचा संकोच वाटतो, म्हणून मुली दुसरे उचलतात आणि निघतात. निवड झाली असे वाटते खरे, पण खरी माहिती खोक्याच्या मागे असते.

दोन्ही खोक्यांवरच्या घटकांची यादी ताडून पाहा. केस विरघळवणारा घटक बहुधा दोन्हींत तोच निघतो, पोटॅशियम किंवा कॅल्शियम थायोग्लायकोलेट. सोबत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विझवलेला चुनाच, किंवा त्याहून जहाल सोडियम हायड्रॉक्साइड असते. फरक पडतो तो कोरफड, तेल, सुगंध यांत. सुगंधाचे वावडे असणाऱ्यांना तो फरक उपयोगी आहे. पण ‘सेन्सिटिव्ह’ म्हणजे जास्त वेळ ठेवले तरी चालते, असा अर्थ काढणे घातक. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. गंमत अशी, की ३० ग्रॅमपेक्षा लहान पॅकला या यादीतून सूट आहे, आणि पहिल्यांदा वापरणारी मुलगी नेमकी तीच स्वस्त ट्यूब घेते. पैसे थोडे जास्त गेले तरी यादी, मिनिटे आणि मुदत छापलेली मोठी ट्यूबच घ्यावी, असे आम्हांला वाटते.

मिनिटे इतकी महत्त्वाची का? केस केराटिन या प्रथिनाचा असतो आणि त्याला ताठ ठेवणारे गंधकाचे बंध हे क्रीम तोडते. कातडीचा वरचा थरही केराटिनचाच आहे. केसात गंधक जास्त म्हणून तो आधी मऊ पडतो, एवढीच काय ती सवलत. त्यानंतर क्रीम कातडीकडे वळते.

मग वापरूच नये का? तसेही नाही. वॅक्सिंगला पार्लर, पैसे आणि सहनशक्ती लागते, आणि गरम मेणही पोळते. रेझर सर्वांत स्वस्त, रसायनाची भीती नाही. पण घोट्याजवळ आणि गुडघ्यावर कापते, खुंट लवकर टोचू लागतात. क्रीमने वेदना होत नाही. मात्र पायांवर जखम, पुरळ, भाजल्याचा डाग किंवा फुगलेल्या शिरा असतील, तर तिथे क्रीम नकोच.

घरात लग्न आहे असे धरू. शनिवारी हळद, रविवारी लग्न. बहुतेक मुली शनिवारी सकाळी क्रीम लावतात आणि दुपारी त्याच पायांवर हळद-उटणे चोळतात. आग होते आणि दोष हळदीला लागतो. हिशेब मागून करायला हवा. हळदीआधी चोवीस तास मोकळे हवेत, म्हणून क्रीम गुरुवारी संध्याकाळी. त्याच्याही आधी चोवीस तास, म्हणजे बुधवारी, पोटरीवर रुपयाएवढ्या जागी थोडे लावून, छापलेल्या वेळेने धुऊन दुसऱ्या दिवसापर्यंत पाहायचे. संध्याकाळ यासाठी, की त्यानंतर लगेच ऊन लागत नाही. गरम पाण्याने आंघोळ करून लगेच किंवा घामेजलेल्या पायांवर लावू नये. ओल्या, उबदार कातडीत ते जास्त मुरते. मराठवाड्याच्या मे महिन्यात पाय आधी गार पाण्याने धुऊन, पुसून, नीट कोरडे होऊ द्यावेत.

सर्वांत जास्त गफलत घड्याळात होते. दोन्ही पाय माखायला चार मिनिटे लागली आणि मोजणी त्यानंतर सुरू केली, तर पहिल्या पोटरीवर क्रीम चार मिनिटे जास्त राहिले. म्हणून एका वेळी एकच पाय, आणि पहिले बोट टेकताच मोबाइलवर वेळ लावायची. साधारण पाच मिनिटांनी, किंवा खोक्यावर जो आकडा असेल तेव्हा, प्लास्टिकच्या पट्टीने थोडे पुसून पाहायचे. केस आले तर सगळे काढायचे. नाही आले तर थोडे थांबता येते, पण छापलेली कमाल मर्यादा, बहुधा दहा मिनिटे, ओलांडायची नाही. राहिलेल्या चार केसांसाठी त्याच दिवशी पुन्हा क्रीम लावण्यापेक्षा ते राहू द्यावेत. पुढच्या वापरापर्यंत निदान तीन दिवस जाऊ द्यावेत.

किंचित चुणचुण चालते. तिखट लागल्यासारखी आग झाली, तर मिनिटे न पाहता क्रीम पुसायचे आणि वाहत्या गार पाण्याखाली पाय वीसेक मिनिटे धरायचा. लिंबू किंवा व्हिनेगर लावून आग उतरवायला जाऊ नये. नळाला रोज पाणी नसलेल्या घरात आधी दोन बादल्या भरून मगच ट्यूब उघडावी. लाली काही तासांत उतरते. फोड आले, कातडी ओलसर सोलली किंवा दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला, तर ते भाजणेच आहे. फोड न फोडता डॉक्टरांकडे जावे आणि जाताना खोके सोबत न्यावे.

कंपन्यांकडे मागायची गोष्ट एकच : कमाल मिनिटांचा आकडा खोक्याच्या पुढच्या बाजूला, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत छापा.