डिस्चार्ज कार्डावर न लिहिलेली एक ओळ

साडेतीन महिन्यांच्या मुलीला घेऊन एक जोडपं संध्याकाळच्या ओपीडीत आलं. आई पंधरा दिवसांपूर्वी कामावर रुजू झालेली. दिवसभर बाळ सांभाळायला मावशी. रविवारी अंघोळ घालताना आईला बाळाच्या कंबरेखाली निळसर डाग दिसला आणि त्याच दिवशी मावशींना काम सोडायला सांगण्यात आलं. ‘डॉक्टर, बघा ना, किती काळंनिळं पडलंय,’ एवढंच ती म्हणाली.

डाग माकडहाडावर आणि डाव्या कुल्ल्याच्या वरच्या भागावर होता. साधारण चार सेंटिमीटर लांब, तीन रुंद. रंग पाटीसारखा करडा-निळा आणि सगळीकडे सारखाच. कडा आजूबाजूच्या त्वचेत विरघळलेल्या. सूज नाही, उंचवटा नाही, हाताला काही वेगळं लागत नाही. दाबला तरी बाळ खेळत राहिलं. जन्माच्या वेळचं कार्ड पाहिलं, तर त्वचेच्या रकान्यात एकच शब्द होता: नॉर्मल.

अखेर उत्तर सापडलं वडिलांच्या मोबाइलमध्ये. बाराव्या दिवशी मालीश करताना काढलेल्या फोटोत बाळ पालथं होतं आणि डाग तिथेच, तेवढाच होता.

आपल्यापैकी प्रत्येकाने हा डाग शेकडो वेळा पाहिला आहे. गर्भाच्या न्यूरल क्रेस्टमधून निघालेल्या मेलॅनोसाइट पेशी डर्मिसमधून वाट काढत एपिडर्मिसपर्यंत पोहोचतात. काही पेशी वाटेतच, डर्मिसमध्ये राहून जातात. तिथलं रंगद्रव्य खोल असल्याने त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशात निळी छटा अधिक उरते आणि तपकिरी मेलॅनिन आपल्याला निळं दिसतं. तिथे रक्त साकळलेलं नसतं. म्हणूनच केवळ या डागासाठी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या करणं म्हणजे बाळाला विनाकारण टोचणं आहे.

१८८५ साली टोकियोत शिकवणाऱ्या एर्विन बेल्झ या जर्मन वैद्याने याचं वर्णन केलं आणि ‘मंगोलियन’ हे नाव चिकटलं. आपल्याकडच्या बाळांतही तो सर्रास आढळतो, त्यामुळे वंशाचं नाव सोडून ‘जन्मजात डर्मल मेलॅनोसायटोसिस’ लिहिणं योग्य. घरोघरी त्याला ग्रहणाचा डाग म्हणून आईला बोल लावला जातो. तोही आपणच थांबवायला हवा.

मार आणि हा डाग यांतला फरक एका भेटीत कळला नाही, तर दुसऱ्या भेटीत कळतो. मुका मार दुखतो, बहुधा सुजतो आणि काही दिवसांत हिरवट, पिवळट, तपकिरी होत साधारण दोन आठवड्यांत मावळतो. हा डाग तेवढ्या काळात जराही बदलत नाही. कडा पेनाने आखा, मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि दहा दिवसांनी पुन्हा बोलवा. पहिली काही वर्षं तो हळूहळू फिकट होत जातो आणि बहुतेकांत शाळेच्या वयापर्यंत दिसेनासा होतो. उपचार लागत नाही.

मात्र ‘जन्मखूण आहे’ म्हणून तपासणी अर्धवट सोडू नये. डाग असलेल्या बाळालाही मार बसू शकतो. कपडे पूर्ण उतरवून कान, मान, पोट आणि तोंडाच्या आतला भाग पाहायलाच हवा. जे बाळ अजून पालथंही पडत नाही, त्याच्या अंगावर खरोखरच माराची खूण असेल, तर ती धोक्याची घंटा समजून पुढची चौकशी झाली पाहिजे. तसंच, डाग पाठीवर आणि पोटावर दूरवर पसरलेले असतील, फिकट होण्याऐवजी वाढत असतील आणि सोबत यकृत-प्लीहा मोठी, चेहरेपट्टी जाडसर किंवा विकास मागे असेल, तर जीएम-१ गँग्लिओसायडोसिस आणि हर्लर यांसारख्या साठवणुकीच्या आजारांचा विचार करावा. माकडहाडावर खोल खळगा किंवा केसांचा झुपका दिसला, तर मणक्याची तपासणी हवी. ती त्या खुणांसाठी, डागासाठी नव्हे.

दहा दिवसांनी ती मुलगी पुन्हा आली. पेनाची रेघ पुसट झाली होती, डाग होता तसाच होता. मावशींना निरोप गेला, पण त्या परत आल्या नाहीत.

हे टाळायला वीस सेकंद पुरले असते. पहिल्या तपासणीत बाळाला पालथं करा आणि कार्डावर लिहा: ‘माकडहाडावर निळसर-करडा डाग, ४ x ३ सेंमी, जन्मजात, निरुपद्रवी.’ आणि घरी सोडण्यापूर्वी तो आईला, आजीला दाखवा.