आगाऊ फी आणि प्लॉटचा इसार

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी नांदुऱ्याला गेलो होतो. गावी गेलो की माझा एक ठरलेला कार्यक्रम असतो. सकाळी चहा झाला की हायवेवरच्या 105 फुटी हनुमानाकडे एक चक्कर, आणि तिथून शाळेतल्या एका मित्राच्या क्लासवर. हा मित्र बारावी आणि सीईटीचे क्लास घेतो. शिकवतो चांगलं, पोरं त्याला मानतात. आम्ही दोघं बोलायला लागलो की बहुतेक वेळा क्रिकेट आणि जुने मास्तर यावरच गाडी जाते. यावेळी मात्र त्याने बसल्याबसल्याच विषय काढला.

"तू सॉफ्टवेअरवाला आहेस न बे, मले एक सांग. एका पोराच्या बापाची अकोल्याला बदली झाली. चार महिने शिकलं पोरगं. आता फी वापस मागून राह्यले. पावतीवर तर छापेल आहे, 'एकदा भरलेली फी परत मिळणार नाही'. तरी देऊन टाकू का?"

मी म्हटलं, "दे की. अडचण काय?"

तो गप्प बसला. मग म्हणाला, "पैसे कुठं आहेत लेका?"

मंडळी, आजचा लेख या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. मित्र लबाड नाही. त्याच्या क्लासला 40 पोरं आहेत, प्रत्येकाने जूनमध्ये 36,000 रुपये भरले, म्हणजे 14 लाख 40 हजार जमा झाले. ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्याच्या खात्यात 1 लाख 20 हजार उरले होते. बाकीचे कुठे गेले ते आम्ही वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं. नोट्सची छपाई 80 हजार. जागेचं भाडं, दोन शिक्षकांचं मानधन आणि वीज मिळून महिन्याला 70 हजार, चार महिन्यांचे 2 लाख 80 हजार. घरखर्चाला महिना 40 हजार, म्हणजे 1 लाख 60 हजार. नवीन बाकं आणि एसी 3 लाख. आणि एका प्लॉटचा इसार, 5 लाख. बेरीज 13 लाख 20 हजार. हिशोब चोख जुळला, एक रुपया इकडेतिकडे नाही. चूक दुसरीकडेच होती: जूनमध्ये आलेले सगळे पैसे आपलेच, असं त्याने धरलं होतं.

आपण आयटीवाले हे रोज बघतो. तुमची कंपनी वर्षाचं लायसन्स किंवा एएमसी विकते तेव्हा पूर्ण पैसे पहिल्या दिवशी येतात, पण हिशोबात ते बारा महिन्यांत थोडे थोडे उत्पन्न म्हणून दिसतात. उरलेली रक्कम देणी या बाजूला बसते, कारण ग्राहकाला अजून सेवा द्यायची आहे. क्लासचंही तेच. भारतातल्या एएस 9 या हिशोबाच्या जुन्या मानकात शिकवणीच्या फीचं नाव घेऊन सांगितलं आहे की हे उत्पन्न शिकवण्याच्या कालावधीत धरावं. म्हणजे पैसे आले त्या दिवशी नाही, शिकवलं त्या दिवशी.

मग मित्राच्या क्लासचं खरं चित्र काय? कोर्स 1 जून ते 31 मार्च, दहा महिने. 36,000 मधले 3,000 नोट्सचे, त्या पहिल्याच आठवड्यात दिल्या, तेवढे लगेच कमावले. राहिले 33,000, म्हणजे महिन्याला 3,300. सप्टेंबरअखेर एका पोरामागे 3,000 अधिक चार महिन्यांचे 13,200, असे 16,200 कमावून झाले. परत द्यायची रक्कम:

```
refund = (36000 - 3000) * (10 - 4) / 10    # 19800
```

आता हेच 40 पोरांना लावा. सप्टेंबरअखेर क्लासने कमावलेले 6 लाख 48 हजार, आणि अजून शिकवायचं बाकी असलेले 7 लाख 92 हजार. खात्यात 1 लाख 20 हजार! पुढचे सहा महिने भाडं, मानधन आणि घरखर्च मिळून महिन्याला 1 लाख 10 हजार लागणार. म्हणजे पैसा जेमतेम एका महिन्याचा. पोरांची पुढच्या सहा महिन्यांची फी प्लॉटमध्ये आणि एसीमध्ये जाऊन बसली होती.

मित्राने आकडा पाहिला आणि म्हणाला, "जानेवारीत पुढच्या बॅचचे अ‍ॅडमिशन सुरू होतात न, निघून जाते." माझ्या पोटात गोळा आला तो इथे. यंदाच्या पोरांना पुढच्या वर्षीच्या पोरांच्या फीवर शिकवायचं, असा त्याचा अर्थ. प्रवेश वाढत असतात तोवर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. एका वर्षी प्रवेश कमी झाले की आधी शिक्षकांचे पगार थकतात, मग शिक्षक जातात, मग पोरं फी परत मागतात, आणि तेव्हा तिजोरीत काही नसतं. जानेवारी 2025 मध्ये फिटजीची उत्तर भारतातली अनेक केंद्रं अचानक बंद पडली. आधी शिक्षकांनी पगार थकल्याच्या तक्रारी करून नोकऱ्या सोडल्या होत्या, आणि आगाऊ फी भरलेले पालक पोलीस ठाण्यात गेले. त्यांच्या आतल्या हिशोबावर मी बोलणार नाही. पण बाहेरून दिसणारा क्रम हाच होता. तुमच्या घरचं कुणी क्लासला जात असेल तर शिक्षक पटापट बदलणं, आणि पुढच्या वर्षाची फी 'आत्ताच भरा, सूट मिळेल' असा वर्ष संपायच्या खूप आधीचा आग्रह, या दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा.

आता 'फी परत मिळणार नाही' या वाक्याबद्दल. दोन वर्षांच्या कोर्सची फी एकदम घेणारे मोठे क्लास आयकर खात्याला सांगतात की पुढच्या वर्षाच्या शिकवणीचे पैसे हे यंदाचं उत्पन्न नाही, त्यावर यंदा कर लावू नका. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी दिल्ली उच्च न्यायालयाने एका क्लासच्या प्रकरणात हे मान्यही केलं, आणि ते मला बरोबरच वाटतं. पण मग तोच न्याय पालकालाही लावा की! सरकारला सांगायचं 'हे अजून आमचे नाहीत' आणि बापाला सांगायचं 'हे आता आमचेच', असं दोन्ही तोंडांनी कसं बोलता येईल?

न्यायालयांनीही हे केव्हाच सांगितलं आहे. 2003 च्या इस्लामिक अ‍ॅकॅडमी प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की संस्थेने आगाऊ फी घेतलीच तर चालू सत्राची किंवा वर्षाची तेवढीच वापरावी, बाकीची राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी आणि शेवटी तिचं व्याज विद्यार्थ्याला द्यावं. ते प्रकरण व्यावसायिक महाविद्यालयांचं होतं, पण राष्ट्रीय ग्राहक आयोगाने क्लासच्या वादांतही त्याचा आधार घेतला आहे. जानेवारी 2024 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. पूर्ण फी भरून मधेच सोडणाऱ्याला उरलेल्या कालावधीची फी 10 दिवसांत परत द्या, असं त्यात आहे.

मित्राने लगेच फोनवर ते वाचून दाखवलं की यात 50 पेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या क्लासबद्दल बोललंय, आपल्याकडे 40 च आहेत. शिवाय या सूचना आहेत, कायदा नाही. दोन्ही मुद्दे बरोबर. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याला पोरांची संख्या लागत नाही. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्कही नाही, आणि त्याआधी 1915 ही हेल्पलाइन आहेच. 19,800 साठी एखादा बाप बुलढाण्याला चकरा मारेल की नाही ते वेगळं. बहुतेक मारत नाहीत, आणि पावतीवरचं ते वाक्य त्यावरच टिकून आहे.

असो. क्लासवाल्याचीही एक बाजू आहे, ती खरी आहे. ऑक्टोबरमध्ये रिकामी झालेली जागा भरत नाही. एक पोरगं गेलं म्हणून भाडं कमी होत नाही. 19,800 परत दिल्याने आजवरच्या नफ्याला धक्का लागत नाही, पण पुढचे सहा महिने महिन्याला 3,300 कमी येणार, हे खरंच नुकसान आहे. मग त्याची किंमत काढू. समजा 40 पैकी दोघं दरवर्षी असेच मधे सोडतात. नुकसान 39,600, ते 40 जणांत वाटलं तर माणशी 990. फी 36,000 ऐवजी 37,000 ठेवा आणि परताव्याचं सूत्र पावतीवरच छापा. हजार रुपये जास्त पण सोडता येतं, असा क्लास मी माझ्या पोराला नक्की निवडेन.

फक्त एक पळवाट बंद हवी. काही ठिकाणी 36,000 पैकी 20,000 'नोंदणी शुल्क' दाखवतात आणि शिकवणी 16,000 ची. मग चौथ्या महिन्यात सोडलं तर परत मिळतात 9,600. नोंदणीत एक फॉर्म आणि एक ओळखपत्र मिळतं, त्याचे 20,000 होत नाहीत. खरं दिलं त्याचेच पैसे वेगळे काढायचे, जसे इथे नोट्सचे 3,000.

त्या दिवशी मी त्याला सॉफ्टवेअर वगैरे काही करून दिलं नाही. पुढच्या बॅचसाठी एवढंच ठरलं: दुसरं खातं उघडायचं, फी सगळी तिथे जमा, आणि दर महिनाअखेर शिकवून झालेल्या महिन्याचे पैसेच पहिल्या खात्यात आणायचे. कुणी सोडलं तर परतावा त्या दुसऱ्या खात्यातून. घरखर्च, एसी, प्लॉट, सगळं पहिल्या खात्यातून. प्लॉट घ्यायला माझी काही हरकत नाही, पण कमावलेल्या पैशातून घे.

अकोल्याच्या पोराचे पैसे? त्याने त्याच संध्याकाळी माझ्यासमोर बापाला फोन लावला. 10 हजार लगेच पाठवले, 9,800 दिवाळीनंतर देतो म्हणाला, आणि दिले. फोन ठेवल्यावर म्हणाला, "त्या प्लॉटवाल्याले आता काय सांगू बे?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.