तळणीचे तेल ‘किती वेळा?’ हा प्रश्नच चुकीचा

पाकशास्त्राच्या आणि हॉटेल व्यवस्थापनाच्या सराव प्रश्नसंचांत तळणीच्या तेलाबद्दलचे दोन प्रश्न हमखास सापडतात. तळणीसाठी सर्वांत योग्य तेल कोणते? उत्तर : ज्याचा धूरबिंदू सर्वांत जास्त ते. आणि एकदा वापरलेले तेल जास्तीत जास्त किती वेळा वापरावे? उत्तर : तीन वेळा. विद्यार्थी पाठ करतो, गुण मिळवतो आणि पुढे उपाहारगृहाच्या भटारखान्यात कढईसमोर उभा राहतो. त्याने तळलेले आपण खातो, म्हणून या दोन उत्तरांकडे जरा नीट पाहायला हवे.

आधी धूरबिंदू. तेल तापवत गेल्यावर ज्या तापमानाला त्यातून सतत निळसर धूर निघू लागतो, तो त्याचा धूरबिंदू, म्हणजेच स्मोक पॉइंट. रिफाइंड शेंगदाणा, सूर्यफूल, पामोलिन या तिन्हींचा धूरबिंदू ताज्या अवस्थेत साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसच्या घरात असतो. तळण होते १७० ते १८० अंशांना. म्हणजे यांतले कोणतेही तेल या कसोटीला सहज उतरते आणि निवड करायला कसोटीचा काहीच उपयोग होत नाही. शिवाय हा आकडा तेलाचा कायमचा गुणधर्म नाही. तेलात सुटी झालेली स्निग्धाम्ले जितकी जास्त, तितका धूर लवकर. त्यांचे प्रमाण शेकडा एकपर्यंत गेले की धूर १६० अंशांच्या आसपासही सुरू होऊ शकतो. प्रश्नसंचातला आकडा बंद पिशवीतल्या तेलाचा असतो. कढईतले तेल दुसऱ्या दिवशी निराळे असते.

तेल टिकते की नाही हे ठरते त्याच्या रचनेवर. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात लिनोलिक आम्ल निम्म्याहून जास्त असते आणि ते हवेतल्या ऑक्सिजनशी फार चटकन संयोग पावते. शेंगदाणा तेलात त्या मानाने स्थिर असलेल्या ओलिक आम्लाचा वाटा मोठा असतो. म्हणून धूरबिंदू जवळपास सारखा असूनही तासन्‌तास तापणाऱ्या कढईत सूर्यफूल तेल आधी खराब होते.

खराब होते म्हणजे नेमके काय होते? तीन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. वड्यातले, भज्यातले पाणी तेलात वाफ होऊन फुटते आणि तेलाचे रेणू तोडून आम्ले सुटी करते. वरून हवा लागते, त्यामुळे ऑक्सिडीकरण होते. खवट वास त्यातूनच येतो. आणि उष्णतेने रेणू एकमेकांना जोडले जाऊन तेल दाट होते. कढईच्या काठावर बसणारा, साबणाने न निघणारा तो पिवळट-तपकिरी चिकट थर या जोडल्या गेलेल्या रेणूंचाच. या तिन्ही वाटांनी तयार होणारे बहुतेक पदार्थ मूळ तेलापेक्षा अधिक ‘ध्रुवीय’ असतात. प्रयोगशाळेत सिलिका जेलच्या नळीतून तेल सोडले की न बिघडलेला भाग पुढे निघून जातो आणि ध्रुवीय भाग मागे अडकतो. वजनावरून त्याची टक्केवारी काढतात. हीच एकूण ध्रुवीय संयुगे, म्हणजे टोटल पोलर कम्पाउंड्स.

भारतात अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून याच टक्केवारीवर मर्यादा घातली. ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल वापरता येत नाही. युरोपातल्या अनेक देशांतही ही मर्यादा २४ ते २७ टक्क्यांच्या दरम्यान आहे. तीन वेळांचा सल्ला आहे तो या मोजमापाची सोय नसलेल्यांसाठी, ढोबळ मानाने. मात्र परीक्षेत सल्ल्याचा नियम झाला आणि नियम बाजूला पडला.

हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते गृहीत धरलेले आहेत. कढईत ५ लिटर ताजे तेल आहे, त्यात ध्रुवीय संयुगे ६ टक्के, आणि दिवसभराच्या तळणीने त्यात ५ टक्क्यांची भर पडते. तेल अजिबात न घालता वापरले तर दिवसाअखेर ११, १६, २१ आणि चौथ्या दिवशी २६. इथे तीनचा आकडा जमून गेला. आता एका गाडीवाल्याचे दिवसाला एक लिटर तेल पदार्थांबरोबर जाते आणि तेवढेच ताजे तो घालतो. पहिल्या दिवसाअखेर ११. चार लिटर जुने आणि एक लिटर नवे मिळून १०. दुसऱ्या दिवसाअखेर १५. असे करत सहाव्या दिवशी तेल साडेचोविसाच्या जवळ पोहोचते आणि सातव्या दिवशी मर्यादा ओलांडते. तिसरे दुकान गर्दीचे. तिथे रोज अडीच लिटर तेल संपते आणि अडीच लिटर नवे पडते. तिथला आकडा वाढत वाढत १६ च्या जवळ येऊन थबकतो आणि महिनाभर तिथेच राहतो. तीन कढया, तेल एकच, आणि ‘किती वेळा’ला तीन वेगळी उत्तरे. प्रत्यक्षात रोजची भर सगळीकडे सारखी नसते हे खरे. पण ज्याच्याकडे गिऱ्हाईक कमी, त्याची कढई रिकामीच आचेवर तापत राहते, तेव्हा फरक कमी होण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता जास्त. आणि मुळात ‘एक वेळ’ म्हणजे काय? घरी दहा मिनिटे पुऱ्या तळल्या तीही एक वेळ, आणि फरसाणवाल्याची आठ तासांची पाळीही एक वेळच.

रंगावरून ओळखावे, असेही एक उत्तर असते. ते तर फारच फसवे. तिखट-हळदीने तेल लाल होते, बेसनाचे कण जळून काळे होते, आणि तरीही मोजमाप मर्यादेत असू शकते. उलट पांढरे पापड तळलेले तेल दिसायला स्वच्छ आणि आतून शिळे असू शकते. घरी पाहायचे ते हे : पदार्थ काढल्यावरही न बसणारा बारीक बुडबुड्यांचा फेस, गार झाल्यावर जाणवणारा दाटपणा, आणि नेहमीच्या आचेवरच निघणारा धूर. दुकानदाराकडे हातात धरायचे मीटर असू शकते. गरम तेलात त्याचा दांडा बुडवला की टक्केवारी दिसते. फक्त पदार्थ काढून बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहायची, कारण तेलातले पाणी आकडा चुकीचा दाखवते.

रुग्ण मला विचारतात, असल्या तेलाने कर्करोग होतो का? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने उच्च तापमानाच्या तळणीतून निघणाऱ्या धुराला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे. लक्षात घ्या, धुराला. म्हणजे पहिली काळजी करायची ती बंदिस्त भटारखान्यात दिवसभर उभ्या असणाऱ्या आचाऱ्याची. खाणाऱ्याच्या बाबतीत, अति बिघडलेले तेल प्राण्यांना दिल्यावर यकृतावर परिणाम दिसले आहेत; एखाद्या वड्यावरून माणसाबद्दल तसे निदान करणे उतावळेपणाचे होईल. २५ टक्के ही विषाची रेषा नाही, तेल बदलायची रेषा आहे.

परीक्षकांनी प्रश्न बदलावा, एवढेच म्हणणे आहे. कढईत ६ लिटर तेल, मीटरवर २२ टक्के, रोज एक लिटर नवे पडते, आज रात्री तेल ठेवाल की टाकाल, आणि ठेवलेत तर उद्या पुन्हा कधी मोजाल? याचे उत्तर लिहायला पाठांतर पुरणार नाही. आणि ‘टाकले तर कुठे’ हाही उपप्रश्न जोडावा, कारण आज कित्येक ठिकाणी ते तेल गटारात तरी जाते, नाहीतर स्वस्तात दुसऱ्याच्या कढईत.