चोरी रक्तात नसते

विहिरीवरची मोटर नाहीतर तांब्याची तार गेली, की आधी पाड्यावरच्या पोरांना उचलतात. बारावी होऊन घरी बसलेला असला तर पहिला तोच. इंग्रजांनी १८७१ साली कायदाच केला होता, काही जमाती जन्मानेच गुन्हेगार म्हणून. १९५२ साली तो गेला, लोकांच्या डोक्यातून गेला नाही.

अमेरिकेत रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९३८ साली वेगळं मांडलं. समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पैसा कमव, मोठा हो. पण तिथं जायची वाट सगळ्यांना मोकळी नसते. नुसत्या गरिबीने चोरी वाढत नाही. स्वप्न दाखवायचं आणि वाट अडवायची, त्याचा ताण येतो.

आता आपलंच बघा. पोरगा शिकला, गाडी-मोबाईलची आस लागली. भरती निघत नाही, जमिनीचा दावा पडून. मग कोणी मजुरी करत राहतो, कोणी स्वप्नच सोडतो, कोणी दारूत जातो, कोणी व्यवस्थाच बदलायला निघतो. एखादा स्वप्न धरून ठेवतो आणि आडवाट घेतो. ती चोरी. (पोट भरलेल्या साहेबांची चोरी मात्र या हिशोबात नीट बसत नाही.)

पण ताण तर सगळ्यांवर, मग चोरी एखादाच का करतो? क्लोवर्ड आणि ओहलिन यांनी १९६० साली सांगितलं, की चोरीचीही वाट असावी लागते. शिकवणारा पाहिजे, माल घेणारा पाहिजे. तार काय पोरगा खातो? ती भंगारात कोणी घेतली, हे पंचनाम्याच्या वेळी विचारा.