दरपत्रक रवाना करण्यापूर्वी
दरपत्रक जोडलेला व्यापारी ई-मेल रवाना करण्यापूर्वी आकडे नुसते वाचून भागत नाही, कारण आपणच लिहिलेल्या मजकुरात दृष्टीला अपेक्षित तेच दिसते. म्हणून हिशेब उलटा करावा. २५० झडपा, दर १,८४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि एकूण ५,४२,८०० रुपये असे असेल, तर एकुणास १.१८ ने व आलेल्या ४,६०,००० ला २५० ने भागून मूळ दर हाती येतो का, ते पाहावे. मजकुरात ५,२४,८०० पडले असल्यास फरक १८,००० येतो, आणि फरकास नवाने निःशेष भाग गेला की शेजारच्या अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा, ही जुन्या कीर्दनविसांची युक्ती मला आजही अत्यंत विश्वासार्ह वाटते. मुदत ०५/०६ अशी लिहिली, तर वाचणाऱ्याच्या सवयीनुसार ती ५ जून अथवा ६ मे ठरते. ‘गुरुवार, ५ जून २०२५’ असे लिहून वार दिनदर्शिकेशी ताडावा. जोडपत्र मात्र मसुद्याला जोडलेल्या प्रतीतूनच उघडावे, कारण दर सुधारल्यावरही जुनीच प्रत त्याच नावाने तेथे राहिलेली असू शकते, आणि तिच्यातील रक्कम व मुदत मजकुराशी जुळल्यावरच प्राप्तकर्त्याचा पत्ता भरावा.