नो ड्यूज मिळाले, बोजा राहिला



'शेवटचा हप्ता फेडून नो ड्यूज घेतले की कर्ज संपले', हे आपल्या एका वाचकाचे विधान अर्धेच खरे आहे. माझे गृहकर्ज बदलत्या व्याजदराचे होते, त्यामुळे मुदतपूर्व फेडीवर दंड लागला नाही. मधल्या काळात जादा रक्कम भरताना हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घेतली, तेही फायद्याचेच ठरले. घोळ झाला तो नंतर. प्रमाणपत्र हातात आल्यावर दोन महिन्यांनी हैदराबादच्या उपनिबंधक कार्यालयातून ईसी काढली, तर फ्लॅटवर गहाणाची नोंद तशीच! कर्ज घेताना मूळ दस्तऐवज बँकेकडे ठेवल्याची नोंद केली होती. ती नोंद उतरवायला बँकेच्या अधिकाऱ्याच्या सहीचा मुक्तीचा दस्त स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो, हे शाखेत कुणी बोललेच नव्हते.

रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार, पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करून नोंदणीतला बोजाही काढायचा असतो. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. मी या आदेशाचा हवाला देऊन लेखी अर्ज दिला, पोचेवर शिक्का घेतला. आठवडाभरात अधिकारी उपनिबंधकाकडे हजर!

– एक वाचक, काचीगुडा, हैदराबाद