वीस चौकटी आणि एक विधान

पेचा कुचा हा सादरीकरणाचा प्रकार २००३ साली टोकियोत दोन वास्तुरचनाकारांनी, अ‍ॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम यांनी, सुरू केला. वीस स्लाइड, प्रत्येकी वीस सेकंद, आणि स्लाइड आपोआप पुढे सरकणार, एवढाच त्याचा नियम. सारे मिळून सहा मिनिटे चाळीस सेकंद होतात. बोलणारा थांबला तरी पडदा थांबत नाही. आपल्या आराखड्यांवर तासन्‌तास बोलत राहणाऱ्या व्यवसायबंधूंना आवरण्याची ही युक्ती होती आणि तिथे ती शोभूनही दिसते, कारण वास्तुरचनाकाराजवळ दाखवण्यासारखे काहीतरी असतेच. साहित्याच्या अभ्यासकाजवळ काय असते? कवितेचा नकाशा काढता येत नाही. म्हणूनच अलीकडे मराठीच्या वर्गांतून हा प्रकार रुजू लागला असताना, कोणत्या स्लाइडवर काय ठेवायचे हा प्रश्न केवळ सजावटीचा राहत नाही. तो समीक्षेचा प्रश्न होतो, असे आमचे मत आहे.

एक उदाहरण घेऊन हे तपासू. वाकोल्यात राहणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीने नारायण सुर्वे यांच्या कवितेवर असे सादरीकरण करायचे ठरवले. तिच्या पहिल्या आराखड्यात शीर्षकाची एक स्लाइड होती, चरित्राच्या पाच, काव्यसंग्रहांच्या तीन, पुरस्कार आणि संमेलनाध्यक्षपद यांच्या दोन, मार्क्सवादाच्या तीन, मुंबईच्या दोन, भाषेच्या दोन, कवितेची एक आणि शेवटी आभाराची एक. बेरीज बरोबर वीस. आपल्याकडची बहुतेक सादरीकरणे या वाटणीची असतात, आणि याचे कारण आळस हे नव्हे. चरित्राला छायाचित्र मिळते, संग्रहाला मुखपृष्ठ मिळते, गिरणगावाला धुराडे मिळते. विधानाला मात्र चित्र मिळत नाही. चौकट चित्र मागते, आणि जे चित्रात मावते तेच हळूहळू विषय होऊन बसते. परिणामी कवीवरच्या चारशे सेकंदांत कवितेच्या वाट्याला वीस सेकंद येतात.

यावर चित्रे बदलणे हा उपाय नव्हता. आधी एक वाक्य लिहिणे हा उपाय होता. ज्या वाक्याला कोणी समंजस माणूस हरकत घेऊ शकेल असे वाक्य हवे. ‘सुर्वे हे कामगारांचे कवी आहेत’ या वाक्याला कोणी हरकत घेणार नाही, म्हणून ते येथे निरुपयोगी. बऱ्याच चर्चेनंतर तिने दोन कविता निवडल्या : ‘मास्तर तुमचंच नाव लिवा’ आणि ‘शीगवाला’. पहिलीत देहविक्रय करणारी एक आई मुलाचे नाव शाळेत घालायला आली आहे आणि बापाचे नाव विचारणाऱ्या मास्तरांना ती उत्तर देते आहे. दुसरीत दाऊद चाचा लिहीत बसलेल्या एका पोराशी बोलतो आहे. दोन्हींत बोलणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा. तेव्हा तिचे वाक्य असे झाले : या कवितांत लेखणी ऐकणाऱ्याच्या हाती आहे, पण शब्द बोलणाऱ्याच्या मालकीचा आहे. हे वाक्य कागदावर आले आणि वीसपैकी अकरा स्लाइड आपोआप गळून पडल्या.

आता मोजमापाकडे येऊ. वीस सेकंदांत किती शब्द मावतात हे ज्याचे त्याने मोजून पाहावे. या मुलीने सावकाश, सभेत बोलावे तसे शंभर शब्द वाचले, तेव्हा अठ्ठेचाळीस सेकंद लागले. म्हणजे एका स्लाइडला साधारण एकेचाळीस शब्द. आम्ही तिला पस्तीसच लिहायला सांगितले. उरलेले सहा शब्द श्वासाला, एखाद्या अडखळण्याला आणि श्रोत्यांची नजर नव्या स्लाइडवर स्थिरावण्याला लागतात. ज्याची संहिता काठोकाठ भरलेली असते तो तिसऱ्याच स्लाइडला दोन सेकंद मागे पडतो, आठव्या स्लाइडला सहा सेकंद, आणि मग पडदा एक सांगतो, तोंड दुसरेच. वाक्य एका स्लाइडवर सुरू होऊन दुसरीवर संपू लागले, की संहिता कापण्याची वेळ आली असे समजावे. त्यावर घाईने बोलणे हा उपाय नव्हे.

दुसरी अडचण खास साहित्याची आहे. कवितेच्या ओळी पडद्यावर ठेवल्या, की श्रोते त्या मनात वाचू लागतात. मनातले वाचन उच्चारापेक्षा वेगवान असते. वाचणारा दुसऱ्या ओळीवर असतो तेव्हा सभागृह शेवटच्या ओळीवर पोचलेले असते, आणि बोललेल्या कवितेतला विराम, जो ‘मास्तर’सारख्या कवितेत सर्व काही आहे, फुकट जातो. म्हणून कवितेच्या स्लाइडवर कविता ठेवायची नाही असे ठरले. तेथे काळी पाटी आणि कोपऱ्यात फक्त कवितेचे नाव. तिने निवडलेला उतारा वाचायला साठ सेकंद लागत होते, तेव्हा तीच काळी पाटी लागोपाठ तीनदा ठेवली. एकच स्लाइड पुन्हा ठेवणे ही लबाडी आहे असे काहींना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. वीस सेकंदांचे माप मोडलेले नाही, त्या मापाची तीन आवर्तने घेतली, इतकेच.

शेवटी ठरलेली मांडणी अशी. पहिल्या स्लाइडवर शाळेच्या दाखल-रजिस्टरातला ‘वडिलांचे नाव’ हा रिकामा रकाना, स्वतः आखलेला. शीर्षकाची स्लाइड नाही, कारण सूत्रधाराने नाव सांगितलेलेच असते. दुसरीवर ते एक वाक्य, केवळ अक्षरांत. तिसरी आणि चौथी चरित्राची, परंतु विधानाला लागणारे चरित्र तेवढेच : गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने सापडलेल्या अर्भकाला आपले नाव दिले, आणि तो मुलगा पुढे शाळेत आधी शिपाई व मग शिक्षक झाला. म्हणजे रकान्याच्या दोन्ही बाजू कवीने पाहिल्या होत्या. पाच ते सात पहिल्या कवितेचे वाचन. आठवीवर लेखणी कोणाकडे आहे हा प्रश्न, नववीवर विचारणाऱ्याकडेच परत गेलेले नाव, दहावीवर ‘मास्तर’ हे एकच संबोधन, ज्यात आदर आहे आणि पेचही आहे. अकरावी हा दुवा. बारा ते चौदा ‘शीगवाला’चे वाचन, पंधरावीवर पोरगा आणि म्हातारा यांची जागा, सोळावीवर बाजारातली हिंदी मिसळलेली बोली. सतरा आणि अठरा हरकत व तिचे उत्तर. एकोणिसावीवर निष्कर्ष. विसावी रिकामी.

या यादीतल्या तीन निर्णयांवर वाद झाला. चरित्राच्या स्लाइडमुळे कविता आत्मकथन ठरेल ही भीती खरी होती, कारण चाळीस सेकंदांत सांगितलेले चरित्र श्रोता कारण म्हणून ऐकतो. म्हणून चौथ्या स्लाइडच्या शेवटी ‘कवितेतले मूल कवी नव्हे’ हे वाक्य मुद्दाम घातले गेले. हरकतीला दोन स्लाइड द्याव्यात का, हा दुसरा वाद. हरकत बळकट आहे : अखेर दोन्ही कविता सुर्व्यांनीच लिहिल्या, मग लेखणी बोलणाऱ्याला मिळाली कुठे? उत्तर असे, की कवीने लेखणी सोडली नाही, परंतु स्वतःला त्याने उत्तर देणाऱ्याच्या जागी बसवले नाही, ऐकणाऱ्याच्या जागी बसवले. हे वीस सेकंदांत उरकले असते तर केवळ चतुराई वाटली असती.

तिसरा वाद विसाव्या स्लाइडचा. वीस सेकंद वाया का घालवायचे? याचे उत्तर वाकोल्यातल्या तालमीने दिले. विमानतळ जवळ असल्याने तिच्या खोलीवरून विमान गेले, की काही क्षण स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. तालमीत नवव्या स्लाइडला असे झाले. ती थांबली आणि पडदा पुढे गेला. राहिलेले वाक्य दहाव्या स्लाइडवर भरून काढायला गेली आणि ती स्लाइडही हातची गेली. तेव्हापासून नियम ठरला : गेलेली स्लाइड सोडून द्यायची. पण हे परवडावे म्हणून कोणतीही एकच स्लाइड विधानाचा सगळा भार वाहणारी असता कामा नये. मुख्य वाक्य म्हणूनच दुसऱ्या, अकराव्या आणि एकोणिसाव्या अशा तीन ठिकाणी, थोड्या वेगळ्या शब्दांत, येते. रिकामी विसावी हा मागे पडलेल्या काही सेकंदांचा साठा. ते सेकंद लागले नाहीत तर तेवढे मौन कवितेला मानवते.

यंत्राच्या बाजूच्या दोनच गोष्टी. पॉवरपॉइंटमध्ये Transitions या पट्टीवर On Mouse Click वरची खूण काढून After पुढे 00:20.00 भरावे आणि Apply To All दाबावे. सरकण्याचा परिणाम None ठेवावा आणि स्लाइडवर हालचाली घालू नयेत, नाहीतर वीस सेकंदांचे बावीस होतात आणि घरी बसवलेला ताल सभागृहात चुकतो. दुसरे, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेली देवनागरी दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन उमटते. अक्षरे युनिकोडमध्ये असावीत, आणि शक्य तर प्रत्येक स्लाइड चित्र म्हणून जतन करून तीच चित्रे लावावीत.

या प्रकाराच्या मर्यादा आम्ही नाकारत नाही. एखाद्या कवीचा समग्र परामर्श यात घेता येत नाही. नामदेव ढसाळांशी तुलना या मुलीला सोडून द्यावी लागली, कारण तुलनेला निदान दुसरी तितकीच मिनिटे हवीत. सादरीकरणानंतर प्रश्नोत्तरांना वेळ नसेल तर ते अर्धेच राहते. परंतु जे सहा मिनिटे चाळीस सेकंदांत एका विधानाने बांधता आले नाही, ते पाऊण तासाच्या व्याख्यानात बांधलेले असतेच असे नाही. तिथे ते फक्त लपलेले असते. आमच्या वर्गांतून चरित्र, संग्रह, पुरस्कार, वैशिष्ट्ये या क्रमाने जे प्रबंधिकांचे ढीग तयार होतात, त्यांच्यापुढे हा एक प्रश्न ठेवून पाहावा : यातल्या वीसपैकी किती स्लाइड कवितेच्या?